परदेशी ॲड प्लॅटफॉर्मच्या पूर्ण बिलावर ६ टक्के: इक्वलायझेशन लेव्ही कशी काढायची, आणि जुनी राहिली असेल तर काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण पहिला प्रश्न हाच येतो की "अहो ती लेव्ही तर रद्द झाली ना, मग आता कशाला?" हो, रद्द झाली. १ एप्रिल २०२५ पासून. पण २०२४-२५ आणि त्याआधीच्या वर्षांची भरायची राहिली असेल तर ती आपोआप माफ झालेली नाही, व्याज चालूच आहे, फॉर्म भरायचा राहिला असेल तर तोही बाकीच आहे. आणि मुंबईत छोट्या धंद्यांकडे आणि छोट्या एजन्सींकडे ही गोष्ट राहून गेलेली असते, कारण जाहिरातीचे पैसे क्रेडिट कार्डातून आपोआप कट होतात आणि अकाउंट्सवाल्याच्या हातात बिल येतच नाही, फक्त कार्डाचं स्टेटमेंट येतं.

लेव्ही आली १ जून २०१६ पासून, २०१६ च्या फायनान्स ॲक्टच्या आठव्या चॅप्टरमध्ये. लोक तिला गूगल टॅक्स म्हणायचे पण ती कुठल्या एका कंपनीसाठी नव्हती. इथे बसलेला धंदेवाला परदेशातल्या कंपनीला ऑनलाइन जाहिरातीचे पैसे देतो तेव्हा त्या पैशातून ६ टक्के कापून सरकारला भरायचे, एवढंच. कापायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची, म्हणजे आपली. नाही कापले तरी भरायचे आपल्यालाच, कलम १६६ मध्ये तसं सरळ लिहिलंय.

आधी बिल बघा, कार्डाचं स्टेटमेंट नाही

स्टेटमेंटवर फक्त प्लॅटफॉर्मचं नाव दिसतं, आणि त्या नावावरून काहीच कळत नाही. ॲड अकाउंटच्या बिलिंगमध्ये जाऊन दर महिन्याची पीडीएफ उतरवा आणि वरती बिल कोणी दिलंय ते वाचा. मोठ्या प्लॅटफॉर्मच्या भारतातल्या कंपन्यासुद्धा बिलं देतात, त्यांच्या नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड असतं आणि पत्ता इथलाच असतो. तसं असेल तर ही लेव्ही लागतच नाही, नेहमीचा टीडीएस बघायचा आणि विषय संपला. पण वरती डब्लिन किंवा सिंगापूरचा पत्ता असेल तर पुढे वाचा.

इथे लोक हमखास फसतात ते जीएसटी नंबरवर. बिलावर जीएसटीआयएन दिसला की अकाउंट्सवाला म्हणतो हे भारतातलंच आहे. पण परदेशात बसून इथे ऑनलाइन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनाही जीएसटी नंबर घ्यावा लागतो, फक्त तो ९९ ने सुरू होतो. महाराष्ट्रातल्या कंपनीचा २७ ने सुरू होतो हे आपल्याला तोंडपाठ असतंच. तर पहिले दोन आकडे बघा, ९९ असेल तर समोरची पार्टी परदेशी.

परदेशी कंपनीचं भारतात कायमचं आस्थापन, म्हणजे धंद्याची कायमची जागा, असेल आणि सेवा त्याच्याशी जोडलेली असेल तर लेव्ही नाही, असा एक अपवाद कायद्यात आहे. पण ते आपल्याला बाहेरून कळत नाही, त्यामुळे कंपनीने तसं लेखी दिलं असेल तरच तो धरा. आणि जाहिरात धंद्यासाठी नसेल, म्हणजे समजा घरगुती कार्यक्रमासाठी केली असेल, तरी लेव्ही नाही.

एक लाखाची मर्यादा

एका परदेशी कंपनीला एका आर्थिक वर्षात मिळून एक लाख रुपयांपर्यंत दिले तर लेव्ही नाही. हे दर कंपनीमागे मोजायचं. एकीला ८०,००० आणि दुसरीला ७०,००० दिले तर दोन्ही सुटल्या.

पण एक लाख ओलांडले की वरच्या रकमेवर नाही, पहिल्या रुपयापासून सगळ्यावर लागते. ही इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखी सूट नाहीये. त्यामुळे एप्रिलमध्येच अंदाज घ्यायचा असतो की या वर्षी लाखाच्या वर जाणार का, आणि जाणार असेल तर पहिल्या बिलापासूनच धरायची. अंदाज घेतला नसेल तर ज्या महिन्यात मर्यादा ओलांडली त्या महिन्यात मागचं सगळं मिळून काढायची.

६ टक्के कशावर?

पूर्ण बिलावर. प्लॅटफॉर्मला त्यातून नफा किती झाला, त्याचा सर्व्हरचा खर्च किती, याचा काहीही संबंध नाही.

हे विचित्र वाटतं कारण इन्कम टॅक्स नफ्यावर असतो. पण मुद्दा तोच होता ना, परदेशी कंपनीचं इथे ऑफिस नाही, पुस्तकं इथे नाहीत, मग तिच्या नफ्यातला भारताचा वाटा किती हे भांडत बसण्यापेक्षा जी रक्कम इथून जाते तिच्यावरच एक छोटा दर लावा. अखिलेश रंजन यांच्या कमिटीने २०१६ मध्ये हा मार्ग सुचवला आणि सरकारने ऑनलाइन जाहिरातींपुरता तो लगेच घेतला. लेव्ही मुद्दाम इन्कम टॅक्स ॲक्टच्या बाहेर ठेवली, म्हणजे परदेशी कंपनीला दोन देशांमधल्या टॅक्स करारावर बोट ठेवून यातून सुटता येऊ नये. आणि ज्या उत्पन्नावर लेव्ही लागली ते कलम १०(५०) खाली इन्कम टॅक्समधून माफ केलं. माझं मत विचाराल तर पूर्ण रकमेवर आकारणं मोजायला फार सोपं, पण कमी मार्जिनवाल्याला जड, आणि शेवटी ते प्लॅटफॉर्मच्या नाही तर इथल्या दुकानदाराच्याच खिशातून गेलं. कसं ते खाली येतंच.

पूर्ण रकमेचा अर्थ एजन्सीवाल्यांनी नीट समजून घ्यावा. समजा अंधेरीतली एक छोटी एजन्सी क्लायंटकडून १० लाख घेते, १ लाख स्वतःचं कमिशन ठेवते आणि ९ लाख परदेशी प्लॅटफॉर्मला देते, अकाउंट एजन्सीच्या नावावर आणि बिलही एजन्सीच्याच नावावर. एजन्सीच्या पुस्तकात उत्पन्न म्हणून फक्त १ लाख दिसतं, म्हणून मालकाला वाटतं की आपला व्यवहार १ लाखाचा. लेव्ही ९ लाखांवर आहे, ५४,०००. कमिशनच्या अर्ध्याहून जास्त गेलं! म्हणून क्लायंटशी करार करतानाच लेव्ही कोणाची हे लिहून घ्यायला हवं होतं, आणि ज्यांनी लिहून घेतलं नाही त्यांना ती आता मागून मागता येत नाही, क्लायंट सरळ हात वर करतो.

उलट बाजूने, बिलात जे नाही ते धरायचं नाही. कार्ड कंपनीने डॉलरच्या व्यवहारावर लावलेला मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी हे बँकेला गेले, प्लॅटफॉर्मला नाही, ते बाजूला काढा. प्लॅटफॉर्मने प्रमोशनचं क्रेडिट दिलं असेल आणि तेवढी रक्कम बिलातून वजा झाली असेल तर उरलेलीच रक्कम आपण दिलेली, तीच धरायची. आणि रिव्हर्स चार्जने आपण स्वतः भरलेला १८ टक्के जीएसटी हा वेगळा हिशोब आहे, तो प्लॅटफॉर्मला मिळतच नाही, त्यामुळे लेव्हीच्या रकमेत येत नाही.

एक पूर्ण उदाहरण

समजा हिंदमाताजवळ साड्यांचा धंदा आहे, पार्टनरशिप फर्म, ऑनलाइनही विकतात. २०२४-२५ मध्ये एका परदेशी प्लॅटफॉर्मची बिलं अशी आली: एप्रिल ३०,०००, मे ४०,०००, जून ४५,०००, जुलै ५०,०००, ऑगस्ट ६०,०००, सप्टेंबर ७०,०००, ऑक्टोबर १,२०,००० (नवरात्र आणि दिवाळी), नोव्हेंबर ४०,०००, डिसेंबर ३५,०००, जानेवारी ४५,०००, फेब्रुवारी ४०,०००, मार्च ५०,०००. एकूण ६,२५,०००.

मे अखेर बेरीज ७०,००० होती, लाखाच्या आत. जूनमध्ये ती १,१५,००० झाली, म्हणजे जूनमध्ये पूर्ण १,१५,००० वर ६ टक्के, ६,९०० रुपये. पुढे दर महिन्याच्या बिलावर ६ टक्के, जुलैचे ३,०००, ऑगस्टचे ३,६०० असं करत वर्षाची लेव्ही ३७,५००. रक्कम जवळच्या दहा रुपयांना राउंड करायची असते, इथे ती आधीच राउंड आहे.

आता गंमत अशी की कायदा म्हणतो कापा, पण कार्डातून प्लॅटफॉर्म पूर्ण १,२०,००० ओढून घेतो, त्यातून ७,२०० कापणार कसे? बँक ट्रान्सफरने कमी पाठवले तर ॲड अकाउंटवर थकबाकी दिसते आणि ऐन दिवाळीत जाहिराती बंद पडतात. म्हणून बहुतेकांनी लेव्ही स्वतःच्या खिशातून भरली, म्हणजे ऑक्टोबरचा खरा खर्च १,२७,२०० झाला.

इथे दोन पद्धती चालतात. एक म्हणजे बिलावर सरळ ६ टक्के, ७,२००. यामागचं म्हणणं असं की टॅक्स आपण सोसला तर रक्कम फुगवून धरायची हा नियम इन्कम टॅक्स ॲक्टच्या कलम १९५ए मध्ये आहे, लेव्हीच्या चॅप्टरमध्ये नाही. दुसरी म्हणजे प्लॅटफॉर्मच्या हातात १,२०,००० पडले तर ते कापून उरलेले धरायचे, म्हणजे मूळ रक्कम १,२०,००० भागिले ०.९४, साधारण १,२७,६६०, आणि लेव्ही ७,६६०. दुसऱ्या पद्धतीत ४६० रुपये जास्त जातात, पण पुस्तकात १,२७,६६० खर्च, त्यातून ७,६६० कापले, १,२०,००० दिले अशी स्वच्छ एंट्री होते आणि "कापलेच नाहीत" म्हणायला ऑफिसरला जागा उरत नाही. अख्ख्या वर्षाला फरक सुमारे २,४०० रुपयांचा आहे. मी तरी दुसरी पद्धत घ्यायला सांगेन, का ते खाली खर्च नामंजूर होण्याच्या भागात कळेल.

भरायची कधी आणि कुठे

ज्या महिन्यात कापली त्याच्या पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. टीडीएसवाल्यांची एक सवय इथे नडते, मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत चालतो म्हणून ते लेव्हीही तशीच ठेवून देतात. लेव्हीला ती सवलत नाही, मार्चचीसुद्धा ७ एप्रिललाच.

पैसे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर, incometax.gov.in, फर्मच्या पॅनने लॉगिन करून `e-Pay Tax` मध्ये जायचं आणि तिथे इक्वलायझेशन लेव्हीचा वेगळा पर्याय आहे तो निवडायचा. टॅन नाही लागत, पॅन लागतो. घाईत कोणीतरी टीडीएसच्या पर्यायात भरून टाकतो आणि मग ते पैसे दुसऱ्याच खात्यात दिसत राहतात, म्हणून भरायच्या आधी स्क्रीनवर नाव आणि आर्थिक वर्ष दोन्ही वाचा. चलन उतरवून ठेवा, त्यावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन नंबर पुढे लागणार.

वर्ष संपलं की `Form 1`. हे वर्षातून एकदाच भरायचं स्टेटमेंट, मुदत पुढची ३० जून. यात प्रत्येक परदेशी कंपनीचं नाव, पत्ता, दिलेली रक्कम, लेव्ही आणि चलनाचे तपशील येतात. २०२४-२५ साठी मुदत होती ३० जून २०२५. ती गेली असेल तरी दार बंद नाही, सेवा ज्या वर्षातली त्या वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांपर्यंत उशिरा किंवा सुधारून भरता येतं, म्हणजे २०२४-२५ चं ३१ मार्च २०२७ पर्यंत.

राहिली असेल तर किती बसेल

व्याज दर महिन्याला १ टक्का, आणि महिन्याचा एखादा तुकडा असला तरी पूर्ण महिना. आपल्या ऑक्टोबरच्या ७,२०० ची तारीख होती ७ नोव्हेंबर २०२४. समजा भरले २० जानेवारी २०२५ ला, तर तीन महिने धरून ३ टक्के, २१६ रुपये. हे फार नाही. म्हणूनच लोक "बघू नंतर" म्हणतात.

दंड मात्र चांगलाच आहे. कापलीच नाही तर लेव्हीएवढाच दंड लागू शकतो, म्हणजे ३७,५०० वर आणखी ३७,५००. कापली पण भरली नाही तर दिवसाला १,००० रुपये, पण लेव्हीच्या रकमेपेक्षा जास्त नाही. `Form 1` उशिरा दिला तर दिवसाला १०० रुपये, ३० जून २०२५ ऐवजी ३० सप्टेंबर २०२५ ला दिला तर ९२ दिवसांचे ९,२००. हे दंड आपोआप बसत नाहीत, ऑफिसरला आधी आपलं म्हणणं ऐकावं लागतं, आणि योग्य कारण दाखवता आलं तर सुटकाही आहे. "माहीत नव्हतं" हे कारण मात्र फार टिकत नाही.

आणि सगळ्यात मोठा फटका या चॅप्टरमध्ये नाहीच, तो इन्कम टॅक्स ॲक्टच्या कलम ४०(ए)(आयबी) मध्ये आहे. लेव्ही कापली नाही, किंवा कापून रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरली नाही, तर जाहिरातीचा खर्चच नामंजूर. नुसते ६ टक्के नाही, पूर्ण ६,२५,००० नफ्यात परत मिळवले जातात. फर्मचा दर ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, टॅक्स होतो १,९५,०००. ३७,५०० वाचवायच्या नादात १,९५,०००! पुढे ज्या वर्षी लेव्ही भराल त्या वर्षी खर्च परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकले, वर त्याचं व्याज वेगळं. याच कलमात "कापली" हा शब्द आहे, म्हणून वर मी कापल्याची एंट्री स्वच्छ दिसावी म्हणत होतो, वर्षाचे २,४०० रुपये त्यासाठी महाग नाहीत.

तेव्हा जुनं उपसायला बसलात तर क्रम असा ठेवा: आधी त्या वर्षाची सगळी बिलं, मग ९९ वाली वेगळी, मग कंपनीमागे बेरीज, मग महिन्यामागे लेव्ही आणि व्याज, मग चलन, आणि शेवटी `Form 1`. चलनाआधी फॉर्म भरायला गेलात तर चलनाचे रकाने रिकामे राहतात. आणि त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये तो खर्च पूर्ण धरला होता का तेही बघा, धरला असेल तर ते दुरुस्त कसं करायचं हे सीएला बसवूनच ठरवा.

३१ मार्च आणि १ एप्रिल २०२५ च्या मधली बिलं

२०२५ च्या फायनान्स ॲक्टने सांगितलं की १ एप्रिल २०२५ रोजी किंवा त्यानंतर मिळालेल्या किंवा मिळण्याजोग्या झालेल्या रकमेवर लेव्ही नाही. आपल्या साडीवाल्यांचं मार्चचं ५०,००० चं बिल ३१ मार्चला निघालं आणि कार्डातून पैसे २ एप्रिलला गेले, मग काय? रक्कम येणं झाली मार्चमध्येच, पैसे कधी गेले त्याने फरक पडत नाही, लेव्ही धरायची, ३,०००. तसंच कोणी मार्चमध्ये अकाउंटमध्ये आगाऊ पैसे भरून ठेवले आणि जाहिराती एप्रिलमध्ये चालल्या, तर पैसे प्लॅटफॉर्मला मार्चमध्येच मिळाले, तिथेही लागते असंच धरून चाला.

एप्रिल २०२५ पासूनच्या बिलांवर लेव्ही शून्य. पण लेव्ही गेली तशी कलम १०(५०) ची माफीही गेली, म्हणजे परदेशी कंपनीच्या या उत्पन्नावर भारतात इन्कम टॅक्स लागतो का, आणि आपण टीडीएस कापायचा का, हा जुना प्रश्न परत उघडला. नुसत्या जाहिरातीच्या जागेचे पैसे ही रॉयल्टी नाही असं ट्रिब्युनलनी म्हटलेलं आहे, कोलकात्याच्या ट्रिब्युनलचा राइट फ्लोरिस्ट्सचा २०१३ चा निकाल त्यातला नेहमी दाखवला जाणारा, आणि भारतात आस्थापन नसेल तर टॅक्स कराराखाली धंद्याचा नफाही इथे पकडता येत नाही. पण कराराचा आधार घ्यायचा तर फाइलमध्ये कागद हवेत: त्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, फॉर्म १०एफ, आणि भारतात आस्थापन नसल्याचं त्या कंपनीचं पत्र. मोठे प्लॅटफॉर्म हे कागद मागितल्यावर देतात, काहींनी मदत विभागात उतरवायलाच ठेवलेत. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिचेच कागद घ्या, डब्लिनच्या बिलाला सिंगापूरचं सर्टिफिकेट चालत नाही, आणि सर्टिफिकेटवरचा काळ आपल्या आर्थिक वर्षाला पुरतो का तेही बघून घ्या.